कात्रणांचे तीन ढीग

माझ्याकडे सहाशे सदतीस कात्रणं आहेत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मोजायची गरज पडली नव्हती. वणीत एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून तेवीस वर्षं काढली, आणि आमच्याकडे वार्ताहराची कात्रणं मोजत नाहीत, त्यांची जाडी पाहतात. प्रत्येकाची एक फाइल असते. सरकारी ओळखपत्राचा अर्ज असो की पत्रकार संघाची निवडणूक, ती फाइल टेबलावर धपकन ठेवायची आणि समोरच्याने मान डोलवायची. आत काय आहे ते कोणी वाचत नाही. माझी फाइल पावणेतीन इंच होती. मी पट्टीने मोजली होती.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या दैनिकाने तालुक्याचं अर्धं पान बंद केलं. वार्ताहर राहतील, पण बातमी जिल्ह्याच्या पानावर जागा असेल तरच, आणि मुख्य काम जाहिराती आणण्याचं, असा निरोप आला. मला जाहिरात मागता येत नाही. प्रयत्न केला होता, दोनदा. दोन्ही वेळा दुकानदारानेच मला चहा पाजून परत पाठवलं.

माझी मुलगी पुण्यात एका एजन्सीत आहे. कंपन्यांसाठी मजकूर लिहिण्याचं काम करते. तिने फोनवर सांगितलं की पुण्याच्याच एका बातमी संकेतस्थळाला विदर्भातून लिहिणारा माणूस हवा आहे. विषय कोळसा, कापूस, रस्ते, पाणी. कायमचं काम, महिन्याला ठरलेलं मानधन. अर्जासोबत पोर्टफोलिओ पाठवायचा आणि मुदत पंधरा दिवसांची.

मी दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि त्यातली निवडक दोनशे चौदा पानं स्कॅन करून तिला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, हे काय पाठवलं?"

"पोर्टफोलिओ."

"माझा फोन बंद पडला ना हे उघडताना. संपादक हे मोबाइलवर पाहणार आहे, जेवता जेवता. तिच्याकडे असे शंभर अर्ज असतील. दीड मिनिट मिळतं बाबा, दीड मिनिट."

"तेवीस वर्षांले दीड मिनिट?"

"हो. म्हणून एक पान. वर दोन ओळीत तुम्ही कोण. मग तुमचे विषय, तीन किंवा चार, त्याहून जास्त नाही. मग पाच नमुने, प्रत्येक विषयाचा निदान एक. प्रत्येकाखाली एक ओळ, कुठे छापलं, काय नवीन होतं, पुढे काय झालं. आणि शेवटी वाचक किती."

"बाकीची सहाशे?"

"ती तुमच्या जवळ ठेवा. आईला सांगा, फ्रेम करून लावेल."

फोन स्पीकरवर होता आणि माझी बायको बाजूलाच मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "मी कायले लावू? आलमारीत जागा नाही तं भितीवर आणू काय त्याईले?"

पाच निवडायचे तर आधी सगळे पाहणं आलं. मी हॉलमधली सतरंजी मोकळी केली आणि कात्रणं अंथरली. विषयाप्रमाणे लावावीत असा विचार होता. पण लावताना लक्षात आलं की विषयाआधी दुसरीच निवड करावी लागणार. याला कारण आमची पाळी.

पाळी म्हणजे काय ते सांगतो. तालुक्यात आम्ही सहा वार्ताहर होतो, सहा वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे. रोज सहाही जणांनी पंचायत समिती, पोलीस ठाणं, बाजार समिती असं फिरायचं म्हणजे पेट्रोलचा खर्च. म्हणून फार पूर्वीच ठरलं होतं की प्रत्येकाचा एक दिवस. त्या दिवशी त्याने फिरायचं, बातमी लिहायची आणि सगळ्यांना द्यायची. आधी कार्बन कागदावर, मग फॅक्सने, मग व्हॉट्सअॅपच्या गटावर. बाकी पाच जण तोच मजकूर, वाटलं तर मथळा बदलून, आपापल्या कार्यालयात पाठवायचे. छापताना वर 'तालुका प्रतिनिधी' असं यायचं, त्यामुळे कोणाचं काय बिघडत नव्हतं. एकच अपघात सहा वर्तमानपत्रांत सारख्याच शब्दांत झालेला असायचा. वाचकांनी कधी तक्रार केली नाही. बहुतेक घरी एकच वर्तमानपत्र येतं.

म्हणून मी तीन ढीग केले. पहिल्या ढिगात मी लिहिलेलं आणि माझ्या नावाने आलेलं. दुसऱ्यात मी लिहिलेलं पण 'तालुका प्रतिनिधी' म्हणून आलेलं. तिसऱ्यात दुसऱ्या कोणाच्या पाळीचं, मी फक्त पुढे पाठवलेलं. कोणत्या दिवशी कोणाची पाळी हे जुन्या डायऱ्यांत होतं, त्यामुळे अंदाज करावा लागला नाही. तीन दिवस लागले. पहिल्या ढिगात अठ्ठावन्न, दुसऱ्यात तीनशे एक्केचाळीस, तिसऱ्यात दोनशे अडतीस.

तिसऱ्या ढिगातली जवळपास सगळी बिननावी होती. चोऱ्या, सत्कार, रास्ता रोको. फक्त चार अशी होती की मजकूर दुसऱ्याचा आणि नाव माझं, कारण कार्यालयात कोणीतरी, पाठवणारा तोच लिहिणारा असं धरून नाव टाकलं होतं. त्यातली तीन किरकोळ होती. चौथी टिपरची होती.

टिपरची बातमी माझी सगळ्यात गाजलेली बातमी. चौदा वर्षांपूर्वीची. चंद्रपूर रस्त्यावर एक लहान गाव आहे, रस्त्याला लागून शाळा आहे आणि दिवसभर कोळशाचे टिपर, म्हणजे माल मागे ओतणारे ट्रक, जातात. मी त्या गावाच्या पुलाच्या कठड्यावर सलग तीन दिवस, सकाळी सात ते अकरा बसलो आणि जाणारे टिपर मोजले. डायरीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सर्वांत जास्त भरले ते एका सकाळी एकशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे सव्वा मिनिटाला एक. शाळेत हजेरी घेताना गुरुजी टिपर जाईपर्यंत थांबतात, हेही मी टिपून ठेवलं. मग हे सगळं ज्याची पाळी होती त्याला दिलं.

पाळी होती राजूरच्या भाऊंची. भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, खाणीच्या हजेरी कार्यालयात कारकून होते आणि एका साप्ताहिकासाठी हौसेने लिहायचे. त्यांनी माझे आकडे घेतले, एकदा स्वतः त्या गावात जाऊन आले आणि लिहिलं. त्यांच्या मजकुराचं पहिलं वाक्य असं होतं: 'या गावात पांढरे कपडे रविवारी धुतात.' कारण रविवारी टिपर कमी असतात. मी तीन दिवस त्या पुलावर बसलो होतो. वाळत घातलेले कपडे मलाही दिसत होते. मी ते मोजले नव्हते.

ती बातमी आमच्या दैनिकाने विदर्भाच्या पानावर घेतली, माझ्या नावासह. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर सुरू झाला, शाळेला कुंपणाची भिंत मिळाली. पत्रकार संघाने मला स्मृतिचिन्ह दिलं, ते टीव्हीच्या वर आहे. मी कार्यालयाला फोन करून सांगणार होतो की लेखन माझं नाही. पहिल्या दिवशी लाइन लागली नाही, दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे फोन आले आणि तिसऱ्या दिवशी उशीर झाला होता. भाऊंनी कधी विषय काढला नाही. मीही नाही.

आता मुलीच्या हातात चारही विषयांचे नमुने गेले. कापसाचा होता, जिनिंगमध्ये ओलावा कसा मोजतात त्यावर. पाण्याचा होता. रस्त्यांचा होता. खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्राचा एक जास्तीचा होता. कोळशाचं माझ्या स्वतःच्या ढिगात जे होतं ते म्हणजे आंदोलनं, निवेदनं आणि एका अधिकाऱ्याची मुलाखत. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "बाबा, टिपरवालं कुठे आहे? ते पहिलं ठेवू. पांढरे कपडे. ते वाक्य वाचून कोणीही थांबेल."

मी तिला पाळीचं सांगितलं.

"मग काढून टाका," ती म्हणाली. "त्याच्याऐवजी मुलाखत टाकू. खोटं काहीच नाही त्यात."

"मुलाखत बरी हाय?"

"नाही."

वाचकांचा आकडा हा दुसरा गुंता होता. पानाच्या शेवटी किती लोक तुम्हाला वाचतात ते लिहायचं असतं. मी आमच्या दैनिकाच्या आवृत्तीचा खप लिहायला निघालो, तर मुलगीच म्हणाली की तो अख्ख्या आवृत्तीचा आहे, तुमचं पान तर फक्त वणीच्या गठ्ठ्यात असायचं. बरोबर होतं. म्हणून मी सकाळी बस स्टँडवर पेपरच्या एजंटाकडे गेलो. तो गठ्ठे सोडत होता.

"किती प्रती येतात आपल्या?" मी विचारलं.

"कायले पायजे? तुमीच तं बंद केलं ना पान."

"मी नाही केलं. आकडा सांग."

"आलेला सांगू का विकलेला?"

"दोन्ही."

त्याने दोन्ही सांगितले, आणि वर म्हणाला, "बापू, तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोनी वापसीचा आकडा विचारला. बाकी सारे आलेलाच घेऊन जातात." मी विकलेला लिहून घेतला, खाली महिना आणि एजंटाने सांगितल्याची नोंद केली.

मोबाइलवरचा आकडा मोठा होता. माझं फेसबुकवर एक पान आहे, त्यावर मी तालुक्याच्या बातम्या टाकतो. त्यातला रेल्वेच्या मालधक्क्यावर निघालेल्या अजगराचा एक व्हिडिओ सव्वासात लाख लोकांनी पाहिला आहे. एरवी माझ्या बातमीला आठशे ते बाराशे लोक मिळतात. मुलगी म्हणाली सरासरी काढली की अजगरामुळे फुगते, म्हणून अजगर वेगळा दाखवू. मग मी पाहणारे कुठले ते काढलं, ते फेसबुक दाखवतं. अजगराचे निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतले होते. बाकी बातम्यांचे दहातले आठ वणी, मारेगाव आणि झरीचे. मी दोन ओळी केल्या. एक नेहमीच्या वाचकांची, गावांसकट. एक अजगराची.

या दोन ओळींचा लगेच उपयोग झाला, तो संपादकाकडे नाही तर दुसरीकडे. मुलीच्या एजन्सीकडे फवारणी पंपाची एक कंपनी होती, तिला शेतकऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहून आणि त्यांच्यापर्यंत पोचवून हव्या होत्या. मुलीने माझं पोर्टफोलिओचं पान पुढे केलं. कंपनीच्या माणसाने मला फोनवर सरळ सांगितलं, "काका, अजगर आमच्या कामाचा नाही. पण तुमचे हजार लोक ज्या तीन तालुक्यांत आहेत तिथेच आम्हाला पंप विकायचे आहेत. बाकीचे लोक लाख सांगतात आणि कुठले विचारलं की गप्प बसतात." आठ लेखांचं काम मिळालं. फवारताना तोंडाला काय बांधायचं, वाऱ्याची दिशा कशी पाहायची, असं. प्रत्येकाच्या वर कंपनीचं प्रायोजित लिखाण असं लिहायचं हे मी आधीच ठरवून घेतलं.

कोळशाचा प्रश्न तसाच राहिला. मुदतीला चार दिवस होते. मी मोटरसायकल काढून राजूरला गेलो.

भाऊ निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, समोर कपडे वाळत होते. मी नमस्कार केला.

"ये गड्या. आज काय, निवडनूक हाय का संघाची?"

"नाही भाऊ. काम हाय."

"कामाशिवाय तू येतच नाही. बस."

मी सगळं सांगितलं. संकेतस्थळ, एक पान, पाच नमुने, दीड मिनिट. मग टिपरचं कात्रण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि अर्धं वाचून परत दिलं.

"टाक ना मंग. नाव तुयंच हाय."

"लेखन तुमचं हाय."

"चवदा साल झाले. आता काहून जागा झाला?"

मी म्हटलं, मोजताना सापडलं. ते हसले.

"तुले मोजल्याशिवाय काही सापडतच नाही." मग म्हणाले, "तुह्या पेपरात बुधवारी आली होती ती. आमचं साप्ताहिक शुक्रवारी निंगे. शुक्रवारी मी टपरीवर गेलतो तं तो पानवाला म्हने, भाऊ, दैनिकातलं उचललं वाट्टे. सारे हासले. मीबी हासलो. तवा तू बोलला असता तं बरं झालं असतं."

हे मला माहीत नव्हतं. पान आणि वार माहीत होते, हे नव्हतं.

त्यांनी आतून आपली फाइल आणली. तीही जाड होती. बरंच चाळून एक कात्रण काढलं. 'ढाणकीचा बाजार' असा मथळा होता आणि खाली भाऊंचं नाव. मी दोन ओळी वाचल्या आणि ओळखलं. मावसभावाच्या सोयरिकीसाठी मी ढाणकीला गेलो होतो, तिथल्या बाजारात एक दिवस फिरलो होतो आणि माझ्या पाळीला ते लिहून दिलं होतं. कोणत्या शेतमालाची किती पोती आली, आडत्याच्या दुकानापुढे किती गाड्या, सगळं आकड्यात. आमच्या कार्यालयाने, तालुक्याबाहेरचं आहे म्हणून, घेतलं नव्हतं. मी ते विसरलो होतो.

"आमच्या मालकानं घेतलं," भाऊ म्हणाले. "माह्या नावानं. मी ओळखपत्राच्या अर्जाले लावलं. साहेब म्हने, वा, अभ्यास दिसते. तं तुह्या मोजनीत एक कमी हाय बावा."

मी मनात हिशेब केला. सहाशे अडतीस. पण तीन ढिगांपैकी ते कोणत्याच ढिगात बसत नव्हतं.

"मग झाली फिटंफाट म्हणता?" मी विचारलं.

"मी कुठं म्हनलो? मले कोनी चोर म्हनलं, तुले कोनी म्हनलं नाही." त्यांनी कात्रण परत फाइलमध्ये ठेवलं. "लिवायचं अशीन तं लिव. पन नीट लिव. भाऊचं सहकार्य लाभलं, असं नको लिवू. तसं पत्रिकेत लिवतात."

घरी येऊन मी नमुना क्रमांक एक टिपरचाच ठेवला. खाली ओळ लिहिली: 'तीन दिवसांची मोजणी माझी. लेखन राजूरच्या सहकाऱ्याचे. दैनिकात माझ्या नावाने छापले गेले, ती दुरुस्ती मी केली नाही.' मुलीला पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, शेवटचं वाक्य काढा. निदान ते तरी. संपादक ही ओळ वाचेल आणि पुढे सरकणारच नाही."

"मग दीड मिनिट वाचलं तिचं."

"तुम्हाला काम पाहिजे ना?"

"पाहिजे."

बायको तिकडून मुलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याईले म्हन, तुमच्या मनानं करा, मंग घरी बसून अजगर पाहा." मी वाक्य काढलं नाही. नमुना काढून टाकणं सोपं होतं आणि खोटंही नव्हतं. पण मोजणी माझी होती, ती कुठे दाखवणार? आणि पानवाल्याचं बोलणं कानातून जात नव्हतं. मुदतीच्या आदल्या दिवशी पान गेलं. आकार एक पान, नमुन्यांच्या पाच दुव्यांसह. उघडायला अडचण येत नाही ना, हे मी शेजाऱ्याच्या जुन्या फोनवर तपासून घेतलं.

एकोणीस दिवस काही झालं नाही. विसाव्या दिवशी दुपारी संपादकबाईंचा फोन आला. आवाज तरुण होता.

"तुमचं पान पाहिलं. एक विचारायचंय. बाकीचे चार नमुने पूर्ण तुमचे आहेत?"

"हो. मजकूरही आणि नावही."

"मला वाटलंच. स्पष्ट बोलू का?"

"बोला."

"त्या चारांत माहिती पक्की आहे. ओलाव्याचा लेख आमच्या इथे दोघांनी वाचला. पण आम्हाला महिन्याला चार मोठे लेख लिहिणारा माणूस हवाय, आणि ते पांढऱ्या कपड्यांचं वाक्य लिहू शकणारा तुम्ही नाही. तुम्हीच तसं लिहिलंय."

"बरोबर आहे."

"त्यांचा नंबर मिळेल का?"

मी पाठ असलेला नंबर सांगितला. तिने परत वाचून दाखवला, तेव्हा एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला. तिने आभार मानले आणि म्हणाली की मोजणीचं काम निघालं तर कळवू. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, भाऊंचा नंबर पाहिजे होता. ती चहा ठेवायला गेली.

दोन दिवसांनी भाऊंचा फोन आला.

"गड्या, तुह्या बाईचा फोन आलता. लिवून राह्यले का म्हने अजून. मी म्हनलो, बाई, मी फक्त सातबारा वाचतो आता. सोडतच नाही. अन् म्हंते पोर्टफोलिओ पाठवा. कायले? तुमी तं मले ओळखून राह्यले ना? म्हंते, आमच्या मालकाईले दाखवाले लागते."

"मग?"

"मंग काय? ये. तुले येते ना ते एक पान."

रविवारी मी राजूरला गेलो. मुलीने तिच्याकडचा कोरा आराखडा पाठवला होता. भाऊंचे विषय तीन निघाले: खाणीतला माणूस, खाणीच्या भोवतीची गावं, आणि बाजार. पहिल्या नमुन्याला अडचण नव्हती. टिपरचं शुक्रवारचं कात्रण लावलं, त्यांच्या साप्ताहिकातलं, आणि त्यांनीच ओळ सांगितली: 'मोजणी वणीच्या सहकाऱ्याची.' मी ती लिहिली. आणखी तीन नमुने त्यांच्या फाइलमधून निघाले, सगळे चांगले होते. ते मी पूर्वी वाचले होते आणि पुढे पाठवलेही होते.

पाचव्याला त्यांनी ढाणकीचा बाजार काढला.

"हे बी टाकू. बाजाराचं दुसरं काही नाही माह्याकडे."

मी लिहायचा थांबलो. ते माझ्याकडे पाहत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. मग म्हणाले, "काहून थांबला? खाली लिव. मजकूर वणीच्या सहकाऱ्याचा, नाव माझं, दुरुस्ती मी केली नाही."

"पाच नमुन्यांत असा एक नको, भाऊ. बाई म्हणेल यांच्याकडे कोणाचंच काही स्वतःचं नाही."

"मंग चारच ठेव."

चारच ठेवले आणि विषयांतून बाजार काढला. कात्रण त्यांनी मला दिलं. मी ते पाकिटात घातलं.

शेवटी वाचकांची ओळ राहिली.

"साप्ताहिक किती छापायचे?" मी विचारलं.

"मालक म्हने हजार."

"आणि खरे?"

"छापखान्यात मी सोता गेलतो. दोनशे."

"कोणता लिहू?"

"तू बसला हायेस ना इथं," भाऊ म्हणाले. "दोनशे लिव."

मी दोनशे लिहिलं आणि शेजारी, भाऊंनी छापखान्यात पाहिल्याप्रमाणे, अशी नोंद केली. अंगणात दोरीवर त्यांचे तीन पांढरे सदरे वाळत होते. पान पाठवून झाल्यावर मी घरी आलो आणि ढाणकीचं कात्रण सतरंजीवर ठेवलं, तीन ढिगांच्या बाजूला, एकटंच.